बाबांचं प्रश्नचिन्ह

गेल्या महिन्यात सांगलीला आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लागली आणि तिच्यात दुसरं नाव बाबांचं होतं. दोन तिमाहींचा मेंटेनन्स बाकी. बाबा जिल्हा परिषदेत कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत वाण्याचीसुद्धा उधारी ठेवलेली नाही. ते लिफ्टजवळ उभे राहून स्वतःचं नाव वाचत होते, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. ते स्वतः काही बोलले नाहीत.

चूक कोणाची हे शोधायला मी मेलबॉक्स उघडला. सहा महिन्यांपूर्वीची बाबांची मेल सापडली. बाबांचा उजवा हात हल्ली थरथरतो, टायपिंग जमत नाही, म्हणून मीच त्यांना फोनवर बोलून लिहायला शिकवलं होतं. पैशाचं काहीही असलं की फोनवर तोंडी नाही, लेखी कळवायचं, ही कारकुनी सवय काही सुटलेली नाही. मेल जशी आली तशी देतो:

"चिरंजीव गणपतीला येणार असशील तर तिकीट आत्ताच काढ मागच्या वेळी वेटिंग लागलं होतं सोसायटीचा मेंटेनन्स भरला पावती ईमेल ला आली असेल लिफ्ट चे काम सुरू आहे जिना चढून गुडघे दुखतात डॉक्टर ने एक्सरे काढायला सांगितला"

मी वाचलं: मेंटेनन्स भरला. पावती ईमेलला आली असेल. म्हटलं चला, बाबांनी भरला, काम झालं. बाबांनी विचारलं होतं: मेंटेनन्स भरला? पावती ईमेलला आली असेल. म्हणजे तू ऑनलाइन भरलास ना, मग पावती तुझ्याकडे असणार. मी "बरं" असं उत्तर पाठवलं. त्यांना वाटलं मी हो म्हणालो. सहा महिने दोघंही निवांत.

हा किस्सा ऑफिसमधल्या एका मित्राला सांगितला तर तो लगेच म्हणाला, "अरे बाबांना सांग, जरा शुद्ध मराठी बोला. आपण निम्मे शब्द इंग्लिश घुसवतो, मशीन काय करणार बिचारं?" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता त्यावर लिहिणं भाग आहे.

समजा, बाबा शुद्ध बोलले असते. "गृहनिर्माण संस्थेचे देखभाल शुल्क भरले." मग काय झालं असतं? प्रश्न तरीही गायबच. नोटीस बोर्डावर नाव तरीही लागलंच असतं, फक्त जास्त शुद्ध कारणाने. आणि ज्या बाबांना शुद्ध बोलायला सांगायचं ते आयुष्यभर "अर्ज" लिहीत आले, "कागद" फाइलीत लावत आले. हे दोन्ही शब्द बाहेरूनच आले आणि मराठीचे प्रत्यय लावून इथलेच झाले. "ईमेलला", "लिफ्टचं", "डॉक्टरने" यांत शब्द इंग्रजी असेल पण व्याकरण नखशिखांत मराठी आहे. तेव्हा बाबांचं मराठी अशुद्ध आहे हे मला मान्य नाही. पुढे बोला.

खरी गोम वेगळीच आहे आणि ती आमच्याच धंद्यातली आहे.

बोललेलं ओळखणारी प्रणाली किती चांगली हे मोजायचं एक जुनं माप आहे: वर्ड एरर रेट. माणसाने ऐकून लिहिलेला मजकूर एका बाजूला ठेवायचा, मशीनने लिहिलेला दुसऱ्या बाजूला. किती शब्द बदलले, किती गाळले, किती जास्तीचे घुसले ते मोजायचं आणि त्या बेरजेला मूळ शब्दांच्या संख्येने भागायचं. सरळ हिशोब. पण मोजण्याआधी दोन्हीकडची विरामचिन्हं सहसा पुसून टाकतात. का, तर माणूस स्वल्पविराम बोलत नाही, मग त्याचे मार्क कशाला कापायचे?

आता हे माप बाबांच्या मेलला लावून बघा. "ईमेलला" हा एक शब्द. मशीनने लिहिलं "ईमेल ला". म्हणजे एक शब्द बदलला आणि एक जास्तीचा आला. दोन चुका. "लिफ्टचे" च्या दोन, "डॉक्टरने" च्या दोन. एकूण सहा. आणि ज्याने बाबांचं नाव बोर्डावर गेलं ते हरवलेलं प्रश्नचिन्ह? शून्य. ज्या चुकीने कोणाचंही केस वाकडं झालं नाही तिचे मार्क कापले आणि जिने घात केला ती हिशोबातच नाही. मग "इंग्रजी शब्दांमुळे मराठीत चुका होतात" असा निष्कर्ष निघाला तर नवल काय? आपण मोजलंच तेवढं!

म्हणजे तुटलेले प्रत्यय मला आवडतात असं नाही. हिंदीत "डॉक्टर ने" सुटं लिहितात, मराठीत जोडून, एवढा साधा फरक मशीनला कळू नये याचा रागच येतो. आणि इंग्रजी शब्दांचे विनोदही होतात. मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये बसून टीममधल्यांना मराठीत मेल सांगत असतो. "बग फिक्स केला" चं "बघ फिक्स केला" होतं. एकदा "सर्व्हरवर पॅच टाकला" चं "सर्व्हरवर पेच टाकला" झालं होतं, जे एका अर्थाने खरंच होतं :-) कारण उघड आहे. आवाज दोन्हीकडे जवळपास सारखा असला की मशीन जास्त वेळा पाहिलेला शब्द उचलतं, आणि मराठी मजकुरात "बग" पेक्षा "बघ" कितीतरी जास्त. पण "बघ फिक्स केला" वाचून कोणी फसत नाही. वाचणारा हसतो आणि मनात दुरुस्त करतो. "मेंटेनन्स भरला" वाचताना दुरुस्त करायला काही दिसतच नाही. चूक दिसत नाही, तीच महाग पडते.

आणि मराठीत ही चूक फार सहज होते. इंग्रजीत प्रश्न विचारताना बहुतेक वेळा शब्दांचा क्रम बदलतो, तिथे चिन्ह पडलं तरी कळतं. आपण नुसता सूर चढवतो. जेवलात? निघाले? भरला? तेच शब्द, त्याच क्रमाने. प्रश्न सगळा आवाजात. तो आवाज माइकने नीट पकडलेला असतो, शब्द काढून झाले की फेकून दिला जातो. स्वल्पविरामाचंही तेच. "नाही, पैसे पाठवले" आणि "नाही पैसे पाठवले" यांत किती अंतर आहे ते ज्याने पैसे पाठवलेत त्याला विचारा.

गंमत म्हणजे आपण इथे पूर्वी होतोच. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. आज जी चिन्हं आपण वापरतो ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रजाच्या खटपटीने मराठीत रुळली. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले, आणि माझ्या बाबांच्या फोनात ती अजून कँडीच्या आधीच्या काळात आहे.

तुम्ही म्हणाल, नुसता आरडाओरडा काय करतोस, इंजिनिअर आहेस, काहीतरी कर. केलं. पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच: चिन्हाचं नाव बोलायचं. काही फोनवर नाव बोललं की चिन्ह उमटतं. आमच्या दोघांच्या फोनवर शब्दच उमटतो, कधी जोडून, कधी "पूर्ण विराम" असा तोडून. मग मी माझ्या मेलींसाठी एक ओळ लिहिली. बसमध्ये बोलून ठेवायचं, लॅपटॉप उघडला की हिच्यातून काढायचं:

```
sed -E 's/ *पूर्ण ?विराम( |$)/. /g; s/ *प्रश्न ?चिन्ह( |$)/? /g'
```

तो `( |$)` आधी नव्हता. तेव्हा "पूर्णविरामाचा" या शब्दातून नुसता टिंब आणि मागे लोंबकळणारा काना उरला होता, कारण मशीनला काना म्हणजे वेगळं अक्षरच. आता ते होत नाही. पण "या वादाला पूर्णविराम देऊ" असं बोललो की अजूनही "या वादाला. देऊ" होतं. त्यावर माझ्याकडे इलाज नाही, पाठवण्याआधी वाचणं सोडून.

दुसरा उपाय जास्त चालतो आणि त्याला कोड लागत नाही. जे चिन्हात आहे ते शब्दात आणायचं. मराठीकडे बोलायचं प्रश्नचिन्ह आहेच की: "का". "मेंटेनन्स भरला" ऐवजी "तू मेंटेनन्स भरलास का". चिन्ह पडलं तरी "का" उरतो, आणि "भरलास" मधला स कोणी भरायचा तेही सांगतो. "नाही, पैसे पाठवले" ऐवजी "तसं नाही, मी पैसे पाठवलेत". मी स्वतः हल्ली असंच बोलतो आणि फसवणूक बरीच कमी झाली आहे.

पण हा उपाय आहे म्हणून मशीन सुटलं असं समजू नका. माणसाने सत्तर वर्षं सूर चढवून प्रश्न विचारले, आता हात थरथरतो म्हणून त्याने बोलण्याची पद्धतच बदलायची? कंपन्यांनी मराठीची चाचणी घेताना प्रश्नचिन्ह पडलं तर तीही चूक धरावी, आणि "ईमेल ला" च्या दोन चुका धरायच्या असतील तर त्याच्या जास्त धराव्यात. मापात आलं की आमचे लोक आपोआप कामाला लागतात, हा बारा वर्षांचा अनुभव आहे.

आणि थोडं आपल्यालाही बोललं पाहिजे. चिन्हं लावणारी मशीन लिहिलेला मजकूर बघूनच शिकतात. आपण मराठीत काय लिहून ठेवलंय? "आलास", "निघालो", "बर", आणि जिथे काही सुचलं नाही तिथे चार टिंबं. मीही बाबांना नुसतं "बरं" लिहिलं होतं. कशाला बरं, ते नाही लिहिलं. असो.

थकबाकी व्याजासकट भरली. यादीवरून नाव काढायला सेक्रेटरींना दोनदा फोन करावा लागला. बाबांना मी "का" चा उपाय समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि स्वतःचाच सुरू ठेवला. परवा त्यांची मेल आली:

"चिरंजीव पुढच्या तिमाही चा मेंटेनन्स भरला प्रश्नचिन्ह मी विचारत आहे सांगत नाही"

लगेच भरला आणि पावती जोडून पाठवली.