बारा पानांतली एकच गोष्ट

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका दुकानदारांनी माझ्यासमोर घरघंटीचं बारा पानी ब्रोशर ठेवलं. गुळगुळीत कागद, देखणे फोटो. म्हणाले, "यावरून तीस सेकंदांची रेडिओ जाहिरात लिहून द्या. दिवाळीच्या आधी लावायची आहे. यातलं काही सुटता कामा नये."

त्यांची धास्ती मला समजते. ब्रोशरवर खर्च झालेला असतो आणि प्रत्येक ओळ कुणीतरी विचार करून लिहिलेली असते. एक अश्वशक्तीची मोटर, स्टीलचं पात्र, धान्य संपलं की आपोआप बंद होण्याची सोय, बारीक-जाड दळणाच्या सहा जाळ्या, दोन वर्षं मोफत सर्व्हिस, बिनव्याजी हप्ते, घरपोच सेवा, वर झाकायला कव्हर. सगळं खरं, सगळं उपयोगाचं. पण ब्रोशर हातात घेऊन वाचतात, मागचं पान पुन्हा उलटतात, किमतीवर बोट ठेवून नवऱ्याला दाखवतात. रेडिओवरचं वाक्य एकदा कानावरून गेलं की गेलं. ऐकणारी बाई त्या वेळी पोळ्या लाटत असते किंवा रिक्षात बसलेली असते.

आधी हिशेब मांडू. रेडिओवरची जाहिरातीची वेळ दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांनी विकली जाते. तिसाची बत्तीस झाली, तर एक तर पुढच्या टप्प्याचे पैसे द्यावे लागतात, नाहीतर शेवटचे शब्द कापले जातात. आणि शेवटी नेमका दुकानाचा पत्ता असतो. मराठी शब्द लांब असतात, त्यांना प्रत्यय लागतात. सावकाश, समजेल असं बोललं, दोन-तीन सेकंद आवाजांना आणि थोड्या विरामांना ठेवले, तर तीस सेकंदांत पंचावन्न ते साठ शब्द बसतात. मालकांनी स्वतः लिहून आणलेला मसुदा चौऱ्याण्णव शब्दांचा होता. मी घड्याळ लावून वाचला, त्रेचाळीस सेकंद लागले. "निवेदकाला भराभर वाचायला सांगू," असं ते म्हणाले. भराभर वाचलं की वेळ वाचतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी मी दोन तास त्यांच्या दुकानात बसले. ब्रोशरमध्ये काय आहे हे मला कळलं होतं, गिऱ्हाईक काय विचारतं ते कळायचं होतं. त्या दोन तासांत पाच बायका घरघंटी बघायला आल्या. जाळ्यांबद्दल एकीनं विचारलं, हप्त्यांबद्दल एकीनं. पण तिघींनी, वेगवेगळ्या शब्दांत, एकच विचारलं: "घरात जुनी आहे, तिचं काय करू?" जुनी घरघंटी जड असते, भंगारवाला फार देत नाही, आणि ती घरात असेपर्यंत नवी ठेवायला जागा नसते. मालक प्रत्येकीला सांगत होते की जुनी आणा, चालू असो वा बंद, नवीवर तीन हजार कमी करतो. ब्रोशरमध्ये ही सवलत नवव्या पानावर, खाली, बारीक अक्षरांत होती.

जाहिरात तिथेच सापडली.

मग बाकीचं काढायचं काम. मोटर आणि स्टील गेलं, कारण ते दुकानात बघून पटतं, ऐकून पटत नाही. कव्हर गेलं, कारण कव्हरसाठी कुणी घरघंटी घेत नाही. हप्ते काढायला मालकांचा जीव होईना. पण बिनव्याजी हप्ते म्हटलं की कोणत्या बँकेचं कार्ड, किती महिने, प्रक्रिया शुल्क किती, हेही सांगावं लागतं, आणि त्यात सहा-सात सेकंद जातात. ते न सांगता शेवटी घाईघाईनं 'अटी लागू' म्हणणं मला मान्य नाही. जाहिरातींच्या आचारसंहितेचं काम पाहणाऱ्या, मुंबईच्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचाही दंडक हाच आहे की खुलाशानं मूळ दाव्याला छेद देता कामा नये. शिवाय दोन सवलती एकत्र सांगितल्या की ऐकणारा त्यांची सरमिसळ करतो. तीन हजार हा हप्ता की सूट, असा प्रश्न घेऊन माणसं दुकानात येतात, नाहीतर येतच नाहीत.

आकड्यांनाही कानाचे नियम आहेत. मालकांना आधी सूट २,९९९ ठेवायची होती. कागदावर ते चार अंक आहेत. तोंडानं म्हणून बघा, 'दोन हजार नऊशे नव्याण्णव'. 'तीन हजार' म्हटलं की काम होतं. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर मिक्सरच्या आवाजात सारखेच ऐकू येतात, म्हणून मी रेडिओसाठी शक्यतो गोल आकडा मागून घेते. तारखेचंही तसंच. अमुक तारखेपर्यंत म्हटलं की ऐकणाऱ्याला कॅलेंडर बघावं लागतं, 'वसुबारसेपर्यंत' म्हटलं की दिवाळीची तयारी करणाऱ्या घरात तो दिवस ठाऊक असतो. मोबाइल नंबर मी सरळ काढला. दहा अंक नीट म्हणायला सहा सेकंद लागतात आणि पोळी लाटणारी बाई ते लिहून घेत नाही. 'बसस्थानकासमोर' हा एक शब्द तिला दुकानात आणतो.

शेवटी हे उरलं. दुकानाचं नाव इथे गाळलं आहे.

(गिरणीचा आवाज, रांगेतली कुजबुज.)
शेजारीण: भाजणीचा डबा घेऊन कुठं निघालात वहिनी?
वहिनी: गिरणीत. घरघंटी आहे, पण दहा वर्षं झाली, धड दळत नाही.
शेजारीण: मग ती देऊन टाका की! (दुकानाचं नाव) कुठलीही जुनी घरघंटी घेतात आणि नवीवर तीन हजार रुपये कमी करतात.
वहिनी: बंद पडलेली असली तरी?
शेजारीण: बंद असली तरी!
निवेदक: जुनी घरघंटी द्या, नवीवर तीन हजार रुपये वाचवा. फक्त वसुबारसेपर्यंत. (दुकानाचं नाव), सांगली, बसस्थानकासमोर.

नावासकट साधारण पंचावन्न शब्द. वाचून पाहिलं, आवाजांसह अठ्ठावीस सेकंद. सवलत दोनदा येते, एकदा बोलण्याच्या ओघात आणि एकदा निवेदकाच्या तोंडी, कारण पहिल्या वेळी ऐकणाऱ्याचं लक्ष नुकतंच वळलेलं असतं. 'बंद पडलेली असली तरी?' हा प्रश्न मी घुसवलेला नाही, तो दुकानात आलेल्या एका बाईंचा आहे. त्यामुळे अट सांगायला वेगळी जागा लागली नाही, ती संवादातच आली. आणि भाजणी घेतली ती ऋतूसाठी: दिवाळीच्या तोंडावर गिरणीपुढची रांग प्रत्येकीनं अनुभवलेली असते, तिचं वर्णन करायला लागत नाही, आवाज पुरतो.

मालकांनी वाचलं आणि विचारलं, "मग जाळ्यांचं कुठं सांगायचं?" दुकानात. ब्रोशर वाया गेलेलं नाही. रेडिओ ऐकून आलेल्या बाईच्या हातात ते द्यायचं असतं, मग ती सहाव्या पानावरची जाळ्यांची चित्रं निवांत बघते.

तुमच्याकडेही असं ब्रोशर असेल आणि तुम्ही त्यावरून जाहिरात लिहिणार असाल, तर स्टुडिओत पाठवण्याआधी एक करा. घरातलं कुणीतरी कामात असताना ती मोठ्यानं, एकदाच वाचून दाखवा. दहा मिनिटांनी विचारा: काय मिळतंय, कधीपर्यंत, कुठे? तिन्ही उत्तरं आली नाहीत, तर अजून एक ओळ काढा आणि पुन्हा वाचा.