रोजचा पाच हजार दंड कोणाच्या खिशातून?

लेखापरीक्षकांनी राजीनामा दिल्यावर निकाल लांबवणाऱ्या कंपनीची बातमी आपण 'शेअर गडगडला' या मथळ्याखाली दिलीत. माझ्याकडे त्या कंपनीचे दोनशे शेअर आहेत, म्हणून राजीनाम्याचे पत्र शोधून वाचले. कारण काय, तर 'अन्य कामांचा व्याप'! पाच वर्षांसाठी नेमलेल्या फर्मला दुसऱ्याच वर्षी, तेही निकालाच्या तोंडावर, व्याप आठवला.

2018 च्या मे महिन्यात वडोदऱ्याच्या मनपसंद बेव्हरेजेसमध्ये हेच घडले होते. निकालाच्या बैठकीला चार दिवस उरले असताना डेलॉइट बाहेर पडली. पण मागितलेली महत्त्वाची माहिती कंपनीने दिली नाही, हे त्यांनी निदान लिहून तरी दिले. शेअर रोज खालच्या सर्किटला लागत गेला आणि वर्षभरात कंपनीचे वरिष्ठ अधिकारी जीएसटी प्रकरणात अटकेत गेले.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये सेबीने परिपत्रक काढले. पहिल्या तीन तिमाहींच्या अहवालांवर सही केलेल्या लेखापरीक्षकाने वर्षाचा अहवाल देऊनच जायचे. माहिती मिळत नसेल, तर 'मत देता येत नाही' असे अहवालात लिहायची सोय आहे. आमच्या कंपनीत तिन्ही तिमाहींवर सह्या आहेत, वर्षाचा अहवाल मात्र नाही. याचा जाब कोणी विचारला?

वार्षिक निकालाची मुदत 60 दिवसांची, म्हणजे 30 मे. त्यानंतर दंड दिवसाला 5,000 रुपये. दोन महिने उशीर केला तरी तीन लाख! कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपनीला एवढ्यात दोन महिने झाकपाक करायला मिळत असेल, तर सौदा स्वस्तच म्हणायचा. शिवाय हे पैसे कंपनी भरते, म्हणजे आम्ही भागधारकच भरतो. प्रवर्तकांचे शेअर गोठवता येतात, पण ती पुढची पायरी. दंड पहिल्या दिवसापासून संचालकांच्या खिशातून घ्या, निकाल कसे वेळेवर येतात ते बघा.

झाकायचे काय असेल, याचा अंदाज गेल्या वर्षीच्या अहवालातच येतो. संबंधित पक्षांच्या टिपेत प्रवर्तकाच्या मेहुण्याच्या कंपनीला मालापोटी दिलेली उचल सहा कोटींवरून चौदा कोटींवर गेली आहे. खरेदीच्या रकान्यात मात्र त्याच कंपनीपुढे नुसती आडवी रेघ. उचल वाढते आहे, माल येत नाही. चाळीस वर्षे बँकेच्या खतावण्या तपासलेल्या माणसाला याहून जास्त सांगावे लागत नाही. आणि ही टीप सापडते कुठे, तर शनिवारी रात्री अकराला चढवलेल्या, तिरप्या स्कॅन केलेल्या अहवालात. त्यात शब्द शोधायचीही सोय नाही. भिंग घेऊन बसलो होतो.

पुढच्या वेळी शेअर किती पडला, हे छापताना शेजारी राजीनाम्याचे पत्रही छापावे, ही विनंती.

— एक भागधारक, सांगली