खिचडी शिजल्यावर तांदूळ वेगळा काढता येत नाही

गेल्या रविवारी लातूरहून मावसभावाचा फोन आला. "दादा, ती आपली जुनी रेकॉर्डिंग आहे ना तुझ्याकडं, त्यातला तेवढा आजीचा आवाज काढून दे की."

ती रेकॉर्डिंग मार्च 2021 ची. मी तेव्हा पुण्याची खोली सोडून नांदेडला घरून काम करत होतो, तो लातूरला. शुक्रवारी रात्री काउंटर-स्ट्राइक, डिस्कॉर्डवर गप्पा, मागे माझ्या पीसीवर गाणी आणि ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग सुरू. दोनच्या सुमारास आजी त्याच्या खोलीत आली आणि त्याच्या माइकवर ऐकू येईल अशी म्हणाली, "आरं लेकरांनो, किती येळ खेळायलाव? झोपा की आता!" त्यावर ती आणखी काहीतरी बोलली आणि हसली. ते काय बोलली हे आज कुणालाच सांगता येत नाही, कारण नेमकं त्याच वेळी माझ्या बंदुकीचा धडाका आणि गाण्याचं कडवं दोन्ही तिच्यावर आदळलंय. 2023 मध्ये आजी गेली. तिचा आवाज असलेली घरातली ही एकच फाइल.

आवाज वेगळा काढणारी दोन सॉफ्टवेअरं वापरून पाहिली. गाणं बऱ्यापैकी गेलं, गोळीबार गेला नाही, आणि आजी पाण्याखालून बोलतेय असं वाटायला लागलं. दोष सॉफ्टवेअरचा नाही. दोन आवाज मिसळतात म्हणजे दर क्षणाच्या दोन आकड्यांची बेरीज होते. 7 आणि 5 मिळून 12 करता येतात, पण नुसत्या 12 वरून 7 कुठला आणि 5 कुठला हे कुणी सांगू शकत नाही, फक्त अंदाज करू शकतं. लातूरच्या आडत बाजारात तूर, हरभरा आणि सोयाबीनची पोती वेगवेगळी येतात, आणि कुणी ती रिचवून एक ढीग करून "नंतर निवडू" म्हणत नाही. आपण कम्प्यूटरवाले मात्र बिनधास्त म्हणतो. "एडिटमध्ये बघू की!"

तर मंडळी, आजचं भांडण या "नंतर बघू"शी आहे. गेमचा आवाज, चॅट आणि संगीत एकाच ट्रॅकवर रेकॉर्ड करणं हा साधेपणा नाही, तो न विचारता घेतलेला आणि कधीही मागे न घेता येणारा निर्णय आहे.

पहिला आक्षेप ठरलेला: "डिस्क भरते रे." हिशेब करू. 160 केबीपीएसचा एक ऑडिओ ट्रॅक तासाला 72 एमबी घेतो. चार जादा ट्रॅक म्हणजे 288 एमबी. तेवढ्याच तासाचा 10 एमबीपीएसचा व्हिडिओ साडेचार जीबी खातो. म्हणजे लग्नाच्या खर्चात अक्षतांची काटकसर.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. "व्हर्च्युअल केबल कशाला? ओबीएस आता प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज थेट पकडतं." खरं आहे. 2022 च्या आवृत्ती 28 पासून ओबीएसमध्ये `Application Audio Capture` आहे, विंडोज 10 ची 2004 ही आवृत्ती किंवा त्यापुढचं विंडोज असलं की चालतं. गेमसाठी मी स्वतः तेच वापरतो. पण चॅट आणि संगीतासाठी अजूनही केबल वापरतो, आणि त्याचं कारण जुनाटपणा नाही.

व्हर्च्युअल केबल म्हणजे खोटं साउंड कार्ड. व्हीबी-ऑडिओची व्हीबी-केबल टाकली की विंडोजमध्ये एक स्पीकर उगवतो आणि एक माइक. त्या स्पीकरमध्ये ओतलेलं त्या माइकमधून बाहेर पडतं, बाकी कुठेही नाही. नावांनी सगळे एकदा तरी फसतात: प्रोग्रॅमने आवाज पाठवायचा तो `CABLE Input` कडे, आणि ओबीएसने घ्यायचा तो `CABLE Output` मधून. नावं केबलच्या बाजूने दिलीत, आपल्या बाजूने नाही.

आता मुद्दा. डिस्कॉर्डचा आवाज केबलमध्ये सोडला की तो माझ्या हेडफोनमध्ये येणं बंद होतं. तो ओबीएसमध्ये जातो आणि मी ओबीएसलाच सांगतो की मला ऐकव. म्हणजे मित्रांचा आवाज माझ्या कानात येतो तोच मुळी रेकॉर्डरमधून. वाट कुठे तुटली तर मित्र मला ऐकूच येणार नाहीत, आणि मी पहिल्या मिनिटाला ओरडेन. थेट पकडण्यात उलटं होतं. चुकीची खिडकी निवडलेली असली तरी कानात सगळं छान चालू असतं, आणि तीन तासांनी कळतं की चॅटचा ट्रॅक कोरा आहे. बिघाड व्हायचाच असेल तर तो बोंब मारून व्हावा, गुपचूप नको. प्रॉडक्शनमध्ये आपण हेच मागतो ना?

याची किंमतही सांगतो. ओबीएस बंद तर मित्र मुके. शिवाय या वळणावाटेने आवाज थोडा उशिरा पोचतो. गप्पांना आणि गाण्यांना ते चालतं. पण मागून येणाऱ्या शत्रूची पावलं उशिरा ऐकू आली तर मेलात. म्हणून गेम केबलमध्ये घालायचा नाही, तो हेडफोनमध्ये सरळ जाऊ द्यायचा.

माझी मांडणी अशी. केबल दोन लागतात. मूळ पॅकेजमध्ये एकच मिळते, `CABLE-A` आणि `CABLE-B` चं पॅकेज वेगळं आहे. डिस्कॉर्डच्या `Voice & Video` मध्ये आउटपुट `CABLE-A Input`. संगीताच्या प्लेयरला विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमधून `CABLE-B Input`. ब्राउझरमध्ये गाणी ऐकणार असाल तर त्यासाठी दुसरा ब्राउझर ठेवा, कारण विंडोज अख्खा ब्राउझर वळवतं, एक टॅब नाही. ओबीएसमध्ये दोन `Audio Input Capture`, एक `CABLE-A Output` चा, एक `CABLE-B Output` चा. `Advanced Audio Properties` मध्ये त्या दोघांना `Monitor and Output`, आणि ऑडिओ सेटिंगमध्ये मॉनिटरिंगचं उपकरण म्हणून आपला हेडफोन. सगळीकडे 48 किलोहर्ट्झ ठेवा, नाहीतर वाटेत रूपांतरं होत बसतात.

आता जिथे मी स्वतः एक अख्खा शनिवार घालवला तो खड्डा. सगळं वरच्यासारखं केलं, रेकॉर्डिंग वाजवून पाहिलं, तर गेमच्या ट्रॅकवर मित्रही होते आणि गाणीही! वर चॅट दुहेरी, विहिरीत बोलल्यासारखं. कारण मी गेम पकडत होतो तो ओबीएसच्या `Desktop Audio` ने. तो गेम ओळखत नाही. तो हेडफोनकडे जाणारं सगळं उचलतो, आणि हेडफोनकडे आता ओबीएसने ऐकवलेलं चॅट आणि गाणीही जात होती. म्हणजे पुढच्या दाराने वेगळे केलेले पाहुणे मागच्या दाराने पुन्हा एकाच पंगतीला! उपाय दोन ओळींचा: ऑडिओ सेटिंगमध्ये `Desktop Audio` साफ `Disabled` करा, आणि गेमसाठी `Application Audio Capture` लावा. विंडोज जुनं असल्याने तो पर्याय नसेल तर गेमलाही तिसरी केबल द्यावी लागते आणि उशीर सोसावा लागतो.

दुसरा खड्डा याहून हसू आणणारा आहे. स्रोत वेगळे केले म्हणजे ट्रॅक वेगळे झाले असं नाही. ओबीएस प्रत्येक स्रोताला सहाही ट्रॅकवर टिक करून ठेवतं. ते तसंच सोडलं तर तुम्हाला एकाच खिचडीची सहा ताटं मिळतात. टिका काढा. माझ्याकडे ट्रॅक 1 वर सगळं मिसळलेलं, कारण बहुतेक प्लेयर तेवढाच वाजवतात. 2 वर माझा माइक, 3 वर गेम, 4 वर चॅट, 5 वर गाणी. मग आउटपुटच्या `Advanced` मोडमध्ये रेकॉर्डिंगखाली 1 ते 5 चालू करा.

फाइल `MKV` ठेवा. नांदेड-लातूरकडच्या वाचकांना कारण सांगायला नको: लाईट. साधी `MP4` अर्धवट तुटली की बहुधा उघडतच नाही. `MKV` लाईट जाईपर्यंतचं सगळं देते. नंतर ओबीएसमधूनच तिची `MP4` करून घेता येते.

आणि खेळायच्या आधी तीस सेकंदांची चाचणी. दहा सेकंद फक्त गाणं, दहा सेकंद फक्त मित्राला बोलायला सांगा, दहा सेकंद फक्त गेम. फाइल एडिटरमध्ये उघडा. 3, 4 आणि 5 या ट्रॅकवर आवाजाचा डोंगर प्रत्येकी एकाच जागी दिसायला हवा, बाकी सपाट माळरान. एखाद्यावर दोन डोंगर दिसले की कुठेतरी मागचं दार उघडं आहे. कान फसतात, ही चाचणी फसत नाही.

मर्यादाही मान्य करतो. चॅटचा ट्रॅक म्हणजे सगळे मित्र मिळून एक. प्रत्येकाचा वेगळा हवा असेल तर प्रत्येकाने आपल्याकडे आपला माइक रेकॉर्ड करावा. आणि लातूरचा भाऊ स्पीकर लावून खेळत असेल तर त्याच्या गेमचा आवाज त्याच्या माइकमधूनच मिसळून येतो, तिथे माझी कुठलीही केबल काही करू शकत नाही. त्याला हेडफोन घ्यायला लावा. आणि रेकॉर्ड करताय हे मित्रांना सांगा, हे काही मर्यादेत मोडत नाही, पण राहून जातं.

फायदा रोजचाही आहे. व्हिडिओ चढवला आणि गाण्याच्या मालकाने हक्क सांगितला, तर खिचडीवाल्याला गाण्याबरोबर गप्पाही गमवाव्या लागतात. मी ट्रॅक 5 गप्प करतो आणि पुन्हा चढवतो. आणि फक्त गप्पा हव्या असतील तर एफएफएमपेगची एक ओळ पुरते. ते मोजणी शून्यापासून करतं, म्हणून चौथा ट्रॅक म्हणजे 3:

```
ffmpeg -i shukravar.mkv -map 0:a:3 -c copy gappa.mka
```

ही ओळ मी 2021 च्या त्या फाइलवरही चालवून पाहिली, सवयीने. उत्तर आलं की असा ट्रॅकच नाही. बरोबरच आहे, तिथे एकच आहे. ट्रॅकच्या सहा टिका तेव्हाही ओबीएसमध्ये होत्या आणि केबलही मिळत होती, नव्हती ती माझी पाच मिनिटं.

भावाला मी शेवटी आहे तसा तुकडा कापून पाठवला. "लेकरांनो"पर्यंत स्वच्छ आहे. पुढचं, जिथे ती हसते, तिथे माझी बंदूक वाजते.