तंबाखूची शपथ पुरे झाली, आता दोन तास शिकवा

31 मे, जागतिक तंबाखूविरोधी दिन. आपल्याकडे त्या दिवशी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. ज्या पोरांसाठी हा दिवस, ती मामाच्या गावाला. मग शाळा उघडल्यावर कधीतरी सवडीने कार्यक्रम उरकतात. हात पुढे करून शपथ, फलक घेऊन गावातून फेरी, मुख्याध्यापकांसोबत फोटो. तो फोटो आमच्याकडे बातमीसाठी येतो. इतक्या वर्षांत अशा एकाही बातमीत ‘मुलांनी काय विचारलं’ हे आलेलं मला आठवत नाही. शपथेत प्रश्नाला जागाच नसते.

आणि प्रश्न तर ढीगभर आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला तंबाखूबद्दल आपल्यापेक्षा जास्त ऐकून माहीत असतं. मिश्रीने दाताचा ठणका थांबतो. सकाळी चिमूट तोंडात टाकली की पोट साफ होतं. चुन्यातून कॅल्शियम मिळतं. आजोबा बिडी ओढूनही ऐंशीचे झाले. सगळेच खातात. हे सगळं घरात, पारावर, टपरीवर ऐकलेलं. त्यावर आपण फलकावर लिहितो, ‘तंबाखू म्हणजे मृत्यू’. पोरगं मनात म्हणतं, आमची आजी रोज मिश्री लावते, ती तर समोर बसलीय. तिथेच तुमचा फलक खोटा पडला.

तालुक्यातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गावर विज्ञानाचे एक शिक्षक वेगळा पाठ घेतात. मी मागच्या बाकावर बसून तो पाहिला. दोन तासिकांचा आहे, खर्च जवळजवळ शून्य.

आधी प्रत्येकाला एक चिठ्ठी. त्यावर वरचे पाच समज छापलेले आणि प्रत्येकापुढे तीन चौकटी : खरं, खोटं, अर्धं खरं. नाव लिहायचं नाही. ही तिसरी चौकट म्हणजे या पाठाचा जीव आहे. कारण यातले काही समज अर्धे खरेच आहेत, आणि ते मान्य केल्याशिवाय पोरं पुढचं ऐकत नाहीत.

दाताचंच बघा. सरांनी सरळ कबूल केलं की मिश्रीने दात थोडा बधिर होतो, ठणका काही वेळ कमी वाटतो. मग फळ्यावर किडलेल्या दाताचं चित्र काढून विचारलं, कीड थांबली का? नाही. दुखणं ही घंटा आहे, मिश्रीने घंटा बंद केली, आग चालूच. पोटाचंही तसंच. निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते, हे खरं. पण मग शरीराला त्याची सवय लागते आणि चिमटीशिवाय पोट हलत नाही. ‘म्हणजे औषधानेच आजार लावला,’ असं एक मुलगी म्हणाली. हे वाक्य कुठल्याही फलकावर सापडणार नाही.

चुन्यासाठी प्रयोग होता. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद आणि चुन्याची निवळी. चुना सरांनीच हाताळला, मुलांच्या हाती दिला नाही, आणि वर्गात तंबाखू आणलाच नाही. निवळीचा थेंब पडला की पिवळा कागद लाल. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्या घराघरात माहीत आहे. चुना आम्लारी आहे, एवढं त्यावरून कळलं. पुढचं सरांनी सांगितलं : तोंडात असं आम्लारीपण वाढलं की तंबाखूतलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातून भराभर रक्तात जातं. शिवाय चुन्याने ते अस्तर भाजतं. चुना मळतात तो ‘किक’साठी, कॅल्शियमसाठी नाही.

‘आजोबा ऐंशीचे झाले’ याला उत्तर देणं सगळ्यात अवघड. सरांनी चाळीस मुलांना घडीच्या चिठ्ठ्या वाटल्या, वीस कोऱ्या, वीस फुलीच्या. फुलीवाल्यांनी बाहेर व्हरांड्यात जायचं. आत उरलेल्यांना विचारलं, ‘तुम्हाला काय झालं?’ ‘काही नाही.’ ‘मग बिडी-सिगारेट सुरक्षित?’ वर्ग गप्प. आयुष्यभर ओढत राहणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे त्यापायीच जातात, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पारावर बसून किस्से सांगायला उरतात ते कोऱ्या चिठ्ठीवाले. फुलीवाले सांगायला येत नाहीत. हा हिशेब ओढण्याचा आहे, चघळण्याचा आकडा वेगळा, हेही सरांनी तिथेच सांगितलं. ‘मग चघळणं बरं’ असं कोणी म्हणू नये म्हणून तोंडाच्या कर्करोगाचं लगेच बोलले.

शेवटचा समज, सगळेच खातात. मुलांनी अंदाज लिहायचा : आपल्या वयाच्या शंभरात किती जण? कोणी पन्नास लिहिले, कोणी सत्तर. मग सरांनी 2019 च्या केंद्र सरकारच्या शालेय सर्वेक्षणाचा देशाचा आकडा फळ्यावर लिहिला. 13 ते 15 वयाच्या शंभरात आठ-नऊ. म्हणजे नव्वदच्या वर खात नाहीत. ‘नाही’ म्हणणारा पोरगा एकटा नाही, हे त्याला त्या दिवशी कळतं.

हा पाठ कुठे फसतो तेही सांगतो. शिक्षकाने ‘कोणाच्या घरी खातात, हात वर करा’ म्हटलं की संपला. पोराला बापाची लाज वाटते, तो गप्प होतो. सरांचा नियम कडक होता : घरातल्यांची नावं नाहीत, उपदेश नाही. दुसरं, शिकवणाऱ्याच्याच खिशात पुडी असेल तर पोरं पाठाकडे नाही, खिशाकडे बघतात. अशा गुरुजींनी हा तास दुसऱ्याला द्यावा.

पाठ जमला की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही. तीच चिठ्ठी महिन्याभराने पुन्हा भरून घ्यायची, या वेळी प्रत्येक उत्तरापुढे एका ओळीत कारण लिहायचं. ‘खोटं, कारण सर म्हणाले’ असं आलं तर पाठ फसला. ‘अर्धं खरं, दुखणं थांबतं पण कीड चालू राहते’ असं आलं तर जमला.

एका पाठाने टपरी बंद होत नाही, हे मान्य. शाळेपासून शंभर यार्डात, म्हणजे सुमारे 91 मीटरमध्ये, तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. आणि गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे म्हणतात. कुठल्याही शाळेच्या फाटकापासून टेप लावून बघा, मग बोलू. पोरांनी समज तपासायचे आणि मोठ्यांनी कायदा तपासायचा नाही, असं कसं चालेल?

म्हणून केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, तुम्हाला मागणी साधी आहे. यंदा शपथेचा फोटो पाठवू नका. आठवीला या दोन तासिका द्या आणि महिन्याभराच्या चिठ्ठ्यांचा आधीचा-नंतरचा हिशेब पाठवा. नावं नकोत, नुसते आकडे आणि पोरांनी लिहिलेली कारणं. आकडे वाईट आले तरी छापीन. पालकांनो, येत्या पालक सभेत एवढंच विचारा : तंबाखूवर शपथ घेतली, ते कळलं, शिकवलं काय?