खालचा मेल बघा

‘खालचा मेल बघा.’ या तीन शब्दांवर माझा राग आहे, आणि आज तो इथे काढणार आहे. वाचकांत आमची भाचे-पुतणे मंडळीही आहेत. त्यांनी तो अंगाला लावून घेतला तरी चालेल.

आठ-दहा पानांचा मेल असतो. तोही एक नसतो, एकाखाली एक असे पाच-सहा असतात, सर्वांत नवा वर आणि सर्वांत जुना तळाला. म्हणजे गोष्ट नीट कळायला हवी तर कादंबरी शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायची. आणि हे सगळं पुढे ढकलताना पाठवणारा वर लिहितो काय, तर ‘काका, खालचा मेल बघा, सवडीनं.’ का बघू? मी काही करायचं आहे का? कधीपर्यंत? याचं उत्तर त्या पाच मेलांत कुठेतरी पुरलेलं असतं आणि ते उकरायचं काम पाठवणाऱ्यानं माझ्यावर टाकलेलं असतं. त्याने तो मेल वाचलेला असतो. काय करायचं ते त्याला ठाऊक असतं. लिहायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं, शोधायला मला पाऊण तास लागतो.

यातून काय होतं ते सांगतो. आमच्या नात्यातलीच गोष्ट आहे. नावं लिहीत नाही, ज्यांची त्यांना कळतील.

पारनेर तालुक्यात तिघा भावंडांची वडिलोपार्जित जमीन. सातबारावर तिघांची नावं. वाटणी करायचं ठरलं. बहीण अमेरिकेत, तिला येणं शक्य नव्हतं. तेव्हा तिने भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यायचं आणि त्या आधारे भावाने तिच्या वतीने वाटणीपत्रावर सही करायची, असा वकिलांचा सल्ला पडला. तिने न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन रीतसर सही केली, शिक्का घेतला आणि कागद कुरिअरने इकडे पाठवला. इथवर सगळं ठीक.

आता असा परदेशात केलेला कागद महाराष्ट्रात आला की त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात त्याला मुदत आहे तीन महिने, आणि ती मोजायची सहीच्या तारखेपासून नव्हे, तर कागद राज्यात पहिल्यांदा पोचला त्या दिवसापासून. म्हणून कुरिअरचं तारीख असलेलं पाकीटसुद्धा जपून ठेवायचं. ही सगळी माहिती वकिलांनी बहिणीच्या मुलाला मेलवर व्यवस्थित लिहिली होती. पण कुठे? मेलच्या तिसऱ्या परिच्छेदात. त्याआधी दूतावासाची वेळ कशी घ्यायची, साक्षीदार किती, फोटो कुठे चिकटवायचा हे सगळं. भाच्याने तो मेल मामाकडे पुढे पाठवला, आणि वर लिहिलं, ‘मामा, खालचा मेल बघा. आईने पेपर्स पाठवलेत.’

मामांनी बघितला. पहिले दोन परिच्छेद अमेरिकेतल्या कामाचे, आणि ते काम झालेलंच होतं. त्यांना वाटलं, हे आपल्या माहितीसाठी आहे. पाकीट आलं, त्यांनी ते कपाटात देवाच्या पोथीशेजारी जपून ठेवलं. वाटणीपत्राच्या नोंदणीचा दिवस ठरला. दुसरे भाऊ रजा काढून नागपूरहून आले. तेव्हा वकिलांनी कागद पाहून विचारलं, ‘यावर मुद्रांक कुठे आहे?’ तीन महिने होऊन अकरा दिवस झाले होते. दंड फार मोठा नव्हता. पण नोंदणी त्या दिवशी झाली नाही, नागपूरच्या भावाची रजा वाया गेली, आणि दोघा भावांत जे बोलणं झालं ते अजून मिटलेलं नाही.

आमच्याकडे सगळ्यांचं म्हणणं, मामांनी मेल नीट वाचायला हवा होता. मला हे मान्य नाही. दोष भाच्याचा. त्याच्या हातात एक वाक्य होतं आणि ते त्याने लिहिलं नाही.

आता मला सांगतील, ‘अहो, पहिल्याच ओळीत वडीलधाऱ्यांना काम सांगायचं? उद्धटपणा नाही का वाटणार?’ अनेक वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवल्यावर याचं उत्तर द्यायचा थोडा अधिकार मला आहे. आपण पत्राच्या डोक्यावर काय लिहीत होतो? ‘सा. न. वि. वि.’ पोरं ते मंत्रासारखं लिहायची, अर्थ विचारला की माना खाली. अर्थ आहे, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. म्हणजे मान देऊन झाला, आता विशेष विनंती काय ती ऐका. मायना संपला की लगेच विनंतीची जागा, ही आपल्या जुन्या पत्राची रीतच होती. नमस्कार दोन शब्दांत उरकून कामाला हात घालणं यात आपल्या आजोबा-पणजोबांना उद्धटपणा वाटला नाही. आपण मात्र वि. वि. गाळलं, आणि त्या जागी ‘आपण सर्व मजेत असाल अशी आशा करतो’ हे इंग्रजी वळणाचं वाक्य आणून बसवलं.

तीच गत सरकारी पत्रांची. कचेरीत दोन उत्तम शब्द आहेत, ‘माहितीस्तव’ आणि ‘कार्यवाहीस्तव’. पहिल्याचा अर्थ वाचा आणि ठेवून द्या, दुसऱ्याचा अर्थ काही करा. नुसता एक शब्द निवडला तरी अर्धं काम होतं. पण परिपत्रक जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून केंद्राला आणि केंद्राहून शाळेला पुढे जाताना वर लिहिलेलं असतं, ‘माहिती व आवश्यक त्या कार्यवाहीस्तव’. दोन्ही शब्द एकत्र! म्हणजे निवडलं कुणीच नाही. आणि ‘आवश्यक ती’ म्हणजे कोणती? ते मुख्याध्यापकांनी चौदा पानांतून शोधायचं. ज्याने त्याने चेंडू पुढे टोलवला, आपल्या टेबलावरून गेला म्हणजे झालं.

असो. नुसतं रागावून उपयोग नाही, कसं लिहायचं तेही सांगतो.

मेल पुढे पाठवायला घेतला की जीमेल वर कोरी जागा देतं आणि तिच्याखाली `---------- Forwarded message ---------` अशी ओळ घालून मूळ मजकूर ठेवतं. ती कोरी जागा तुमची. समोरच्याच्या फोनवर यादीत दिसतं काय? तुमचं नाव, विषय आणि मजकुराचे पहिले काही शब्द. तुम्ही वर काहीच लिहिलं नाही तर त्या जागी ती रेघांची ओळच दिसते. ‘नमस्कार, कसे आहात’ लिहिलंत तर तेवढंच दिसतं.

इथे मराठीची एक अडचण आहे, ती इंग्रजीवाल्यांना नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘मागच्या महिन्यात वकिलांशी झालेल्या बोलण्यानुसार आईने पाठवलेल्या मुखत्यारपत्रावर तुम्ही नगरला जाऊन’... आणि यादीतली ओळ इथेच कापली जाते. जाऊन काय करायचं? क्रियापद पलीकडे राहिलं! म्हणून मराठीत पहिलं वाक्य आखूडच हवं, सात-आठ शब्दांचं. कारणं, संदर्भ, ‘त्यानुसार’ आणि ‘अनुषंगाने’ हे सगळं दुसऱ्या वाक्यात.

भाच्याने असं लिहायला हवं होतं:

‘मामा, मुखत्यारपत्रावर मुद्रांक शुल्क भरून घ्या, तीन महिन्यांत. आईचं पाकीट तुमच्या हाती येईल त्या दिवसापासून मुदत मोजायची, पाकीट फेकू नका. काम नगरच्या मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात होतं. वकिलांनी खालच्या मेलच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे, बाकीचं अमेरिकेतलं होतं ते झालं. तुम्हाला जमणार नसेल तर रविवारपर्यंत कळवा.’

पाच वाक्यं. पहिल्यात काम आणि मुदत. मग मुदत कशी मोजायची, कुठे जायचं, खालच्या ढिगातलं नेमकं काय वाचायचं, आणि नाही म्हणायचं तर कधीपर्यंत. यात मामांचा कुठे अपमान झाला? उलट त्यांचा पाऊण तास वाचला, आणि वेळ वाचवणं हाही मानच आहे.

विषयाची ओळही बदलावी. `Fwd: Fwd: Re: Documents` यावरून कुणाला काय कळणार? पुढे पाठवताना ती बदलता येते. ‘मुखत्यारपत्र: मुद्रांक भरणे’ एवढं पुरे. महिन्याभराने शोधतानाही सापडतं.

काही करायचं नसेल तर तेही पहिल्या ओळीत लिहा, ‘फक्त माहितीसाठी, काही करायचं नाही.’ हे न लिहिल्यानेच लोक प्रत्येक मेलला माहितीचा समजायला लागतात आणि मग कामाचा मेल कपाटात जातो. एकच मेल चौघांना पाठवत असाल तर कामापुढे नाव घाला, नाहीतर चौघेही ‘दुसरा करेल’ म्हणून बसतात. आणि काय करायचं ते तुम्हालाच कळलं नसेल तर तसं लिहा, ‘मला यातलं समजलं नाही, तुम्ही वाचून सांगता का?’ हीसुद्धा स्वच्छ विनंती आहे.

दुःखाची बातमी तेवढी याला अपवाद. तिथे पहिल्या ओळीत काम सांगू नये, माणसाला आधी माणूस म्हणून भेटावं. पण जमिनीचे, बँकेचे, पेन्शनचे, विम्याचे कागद ही दुःखाची बातमी नव्हे.

एक कसोटी सांगून थांबतो. पाठवण्याआधी आपण लिहिलेली पहिली ओळ तेवढी वाचावी, खालचं सगळं हाताने झाकून. तेवढ्यावरून समोरच्याला उठून कामाला लागता येईल का? येत नसेल तर मेल अजून पाठवण्याजोगा झालेला नाही. आणि ज्यांना इतकं करायचा कंटाळा असेल त्यांनी मला फोन करावा. फोनवर निदान ‘म्हणजे मी काय करू?’ असं मी लगेच विचारू शकतो.