विश्लेषण : कॅबचे कंत्राट रद्द झाले, पण कर्मचाऱ्यांचा प्रवास सुरक्षित झाला का?

वरणगाव, दीपनगर, भुसावळ या पट्ट्यातील पहिल्या पाळीच्या कामगाराचा दिवस पहाटे गाडीची वाट पाहण्यापासून सुरू होतो. गाडी दहा मिनिटे उशिरा आली, तर तो चालकाला फोन करतो. वीस मिनिटे झाली, तर शेजाऱ्याची दुचाकी मागतो. अशा तक्रारी साचतात, एखादा अपघात थोडक्यात टळतो आणि एक दिवस कंपनी कॅबचे कंत्राट रद्द करते. कंत्राट रद्द करण्याची वेळ नेमकी कधी येते, ते कसे करावे आणि त्यानंतर खरोखर काय बदलायला हवे, याचा हा आढावा.

उशीर हा सुरक्षेचा प्रश्न कसा?

बहुतेक कंपन्यांत दोन वेगवेगळ्या वह्या असतात. उशिराची नोंद एकीत होते आणि तिचा हिशेब दंडाने मिटतो. सुरक्षेच्या तक्रारी दुसरीत जातात आणि अपघात झाला की ती वही उघडली जाते. ही विभागणीच चुकीची आहे, हे पुण्यातील एका प्रकरणाने दाखवून दिले.

१ नोव्हेंबर २००७ च्या रात्री विप्रोच्या बीपीओमध्ये काम करणारी २२ वर्षांची तरुणी कामावर जाण्यासाठी कंत्राटी कॅबमध्ये बसली. गाडीत चालकाबरोबर त्याचा एक ओळखीचा माणूस होता. त्याच गाडीने पुढे दुसऱ्या एका कर्मचाऱ्याला घ्यायचे होते. गाडी आली नाही म्हणून त्याने चालकाला फोन केला. टायर पंक्चर झाल्याचे उत्तर मिळाले. गाडी त्याच्यापर्यंत पोहोचली ती मध्यरात्रीनंतर. मधल्या वेळात त्या तरुणीला गहुंजे परिसरात नेऊन तिच्यावर अत्याचार करण्यात आला आणि तिचा खून करण्यात आला. दोघांना झालेली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम केली. पुढे अंमलबजावणीतील विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती ३५ वर्षांच्या कारावासात बदलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

न्यायालयाच्या लढाईला सतरा वर्षे लागली. पण धोक्याची खूण त्या रात्रीच दिसत होती. गाडी ठरलेल्या वेळी ठरलेल्या थांब्यावर नव्हती आणि तिच्यात यादीत नसलेला माणूस होता. थांब्यावर ताटकळणाऱ्या सहकाऱ्यासाठी तो केवळ उशीर होता. गाडी चुकीच्या दिशेने गेली आहे, हे त्याच मिनिटाला पाहणारे कोणी असते, तर त्या उशिराचा अर्थ वेगळा लागला असता.

कंत्राट रद्द करण्याइतपत चूक कशी ओळखायची?

समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वरणगावजवळच्या एका कारखान्याने सहा गाड्या लावल्या आहेत. प्रत्येक गाडीची कामावर आणण्याची एक आणि घरी सोडण्याची एक, अशा दोन फेऱ्या. महिन्याचे २६ दिवस धरले, तर एकूण ३१२ फेऱ्या होतात. शंभरातील किमान ९५ फेऱ्या दहा मिनिटांच्या आत पोहोचल्या पाहिजेत, अशी कंत्राटातील अट आहे.

महिन्याच्या शेवटी गेटवरील नोंदवहीत ४१ फेऱ्या उशिरा आलेल्या दिसतात. कंत्राटदार म्हणतो, ‘साहेब, कधी महामार्ग तुंबतो, कधी तुमचाच माणूस घरातून निघत नाही.’ त्याचे म्हणणे तपासलेच पाहिजे. समजा, १४ फेऱ्यांचे कारण खरोखर त्याच्या हाताबाहेरचे निघाले. तरी २७ उरतात, म्हणजे शंभरात साधारण नऊ. मुभा पाचचीच होती. अट मोडली, हे सिद्ध झाले.

बरेच व्यवस्थापक इथे थांबतात आणि दंड लावतात. खरा प्रश्न पुढचा आहे: हे २७ उशीर कोणाचे? वही नीट पाहिली, तर त्यातील १९ दोनच गाड्यांचे आहेत आणि सगळे पहाटेचे आहेत. त्याच गाड्या आदल्या रात्री दुसऱ्या पाळीची माणसे सोडून साडेबाराला मोकळ्या झालेल्या आहेत. दोन्ही वेळा सही त्याच चालकाची आहे. म्हणजे जेमतेम चार तास झोपलेला माणूस साडेचारला पुन्हा स्टिअरिंगवर बसतो आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून ट्रकच्या गर्दीत वेळ भरून काढतो. मोटार परिवहन कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती घालून दिली होती, ती याच कारणासाठी.

अशा वेळी दंड उलट घातक ठरतो. दंड टाळण्यासाठी तोच थकलेला चालक गाडी आणखी पळवतो. कागदावर वक्तशीरपणा सुधारतो आणि रस्त्यावर धोका वाढतो.

रद्द करण्याची योग्य पद्धत कोणती?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. जिवाला धोका असलेली गाडी किंवा चालक त्याच दिवशी कामावरून बाजूला केला पाहिजे. त्यासाठी नोटिशीची मुदत संपण्याची वाट पाहायची नसते. पूर्ण कंत्राट संपवायचे असेल, तर मात्र कागद पक्का लागतो.

साधारणपणे कंत्राटात दोन वाटा असतात. कारण न देता, ठरलेल्या मुदतीची, बहुधा तीस दिवसांची, नोटीस देऊन बाहेर पडता येते. किंवा अटी मोडल्याचे कारण देऊन कंत्राट संपवता येते. पण त्याआधी चुका लेखी कळवून सुधारण्याची संधी द्यावी लागते. ‘वारंवार उशीर होतो’ असे मोघम पत्र लवादापुढे टिकत नाही. तारीख, गाडीचा क्रमांक, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि कंत्राटदाराचे उत्तर एवढ्या रकान्यांचा तक्ता टिकतो. दंडाचेही तसेच आहे. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

रागाच्या भरात सगळी बिले अडवणे ही नेहमीची चूक आहे. ज्या फेऱ्यांबद्दल वाद नाही, त्यांचे पैसे थांबवले की पहिला फटका चालकाच्या पगाराला बसतो. मग नोटिशीच्या शेवटच्या आठवड्यात गाड्या येणेच बंद होते आणि पाळी सुटलेली माणसे रात्री गेटवर उभी राहतात.

नवा कंत्राटदार आला की प्रश्न सुटतो?

लहान गावात हा प्रश्न अवघड असतो. वरणगाव-भुसावळ परिसरात कंत्राटदार बदलला, तरी कंपनीला लावायच्या गाड्या बहुतेक त्याच मालकांकडून येतात. बोर्ड बदलतो, कागदावरील नाव बदलते. गाडी आणि चालक तेच राहतात. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर केली आणि त्या दरात दुसऱ्या चालकाचा पगारच बसत नसेल, तर दुहेरी ड्युटी पुन्हा सुरू होणारच. म्हणून निविदेतच किती गाड्या, किती चालक आणि दोन ड्युट्यांमध्ये किती तास, हे लिहून घ्यावे लागते. पाळी जितकी जास्त, तितके चालक जास्त. या गणिताला पळवाट नाही.

दुसरी तपासणी पाटीची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने माणसे नेण्यासाठी वापरणे नियमांचे उल्लंघन आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. वाचकांना हे स्वतः पाहता येते. mParivahan या ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकला की फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते.

जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी टॅक्सींना जागा दाखवणारे यंत्र आणि धोक्याचे बटण सक्तीचे आहे. मात्र बटण दाबल्यावर पलीकडे उत्तर देणारे कोणी नसेल, तर ते नुसते प्लास्टिक आहे. नवा कंत्राटदार आल्यावर पहिल्याच रात्री ते दाबून पाहावे आणि कोणाचा फोन किती मिनिटांत येतो, हे घड्याळ लावून मोजावे.

कंत्राट दिले की कंपनीची जबाबदारी संपते?

नाही. डिसेंबर २००५ मध्ये बेंगळूरुत एचपी ग्लोबलसॉफ्टच्या एका कर्मचारी महिलेला रात्री तिच्यासाठी न नेमलेल्या चालकाने गाडीत घेतले आणि तिचा खून झाला. रात्रपाळीतील महिलांच्या वाहतुकीची व सुरक्षेची अट पाळली नाही, म्हणून कर्नाटकच्या कामगार विभागाने कंपनीच्या प्रमुखांवर खटला भरला. तो रद्द करण्याची त्यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केली नाही.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी असलेल्या २०१७ च्या कायद्यानेही रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला काम द्यायचे असल्यास तिची संमती घेणे आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवणे मालकावर बंधनकारक केले आहे. त्यात शब्द ‘दार’ आहे, ‘चौक’ नाही. कॅब कंत्राटदार कोण, याने हे बंधन बदलत नाही.

मग कंत्राट रद्द करावे की नाही?

वर्तन सुधारत नसेल तर जरूर करावे. पण तो निर्णय घेताना व्यवस्थापनाने स्वतःची वहीही उघडावी. त्या दोन गाड्यांच्या सह्या महिनाभर गेटवरच होत होत्या. मध्यरात्री गेलेला चालक पहाटे परत येतो, हे सुरक्षारक्षकाला दिसत होते, कामगारांना दिसत होते. ते वरपर्यंत पोहोचले नाही, कारण विचारणारे कोणी नव्हते. नवे कंत्राट करताना ही पाहणी रोजची झाली नाही, तर सहा महिन्यांनी त्याच थांब्यावर तोच कामगार पुन्हा फोन लावत उभा असेल.