तोळ्याचा अरबी अनुवाद

किमतीच्या चिठ्ठीचे छायाचित्र समोर ठेवून त्यावरील मजकूर दुसऱ्या भाषेत नेताना चलन आणि मापे बदलावीत की मुळाप्रमाणे ठेवावीत, हा प्रश्न प्रथमदर्शनी किरकोळ वाटतो. प्रस्तुत लेखकालाही तो तसाच वाटला होता. परंतु आमचा एक माजी विद्यार्थी, ज्याने अर्थशास्त्राची पदवी घेतल्यावर अरबीचा अभ्यास केला, तो मध्यंतरी भेटीस आला आणि त्याने आपल्या कामातील एक चिठ्ठी पुढे ठेवली. पावसाळ्यात मुंबईस येणाऱ्या आखाती पाहुण्यांसाठी दुकानांतील फलक व चिठ्ठ्या छायाचित्रांवरून अरबीत करून देणे हा त्याचा व्यवसाय आहे. चिठ्ठी एका अत्तराच्या दुकानातील होती आणि तीवर एवढेच लिहिले होते: १ तोळा, ₹ १,२५०. काम देणाऱ्यांची सूचना अशी की, किंमत वाचकाच्या चलनात द्यावी आणि माप ग्रॅममध्ये. "सर, हे बरोबर आहे का?" असा त्याचा प्रश्न होता.

प्रथम किमतीचा विचार करू. चिठ्ठीवरील आकडा हे दुकानदाराने मांडलेले मागणे आहे. गल्ल्यावर साडेबाराशे रुपयेच मोजावे लागणार. तेथे कोणी रियाल मागणार नाही. रूपांतर केले की वस्तुस्थितीच्या जागी एक अंदाज येतो, आणि तो अंदाज आहे हे वाचकास कळतही नाही. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे तेथील वाचकापुरता फरक रुपयाच्या चढउताराइतकाच पडेल. पण अरबी ही एका देशाची भाषा नव्हे. हेच भाषांतर कैरोतील माणूसही वाचतो. ६ मार्च २०२४ रोजी इजिप्तने आपले चलन मोकळे सोडले आणि डॉलरला सुमारे ३१ असलेला इजिप्शियन पौंड थोड्याच काळात ५० च्या आसपास गेला. त्या वेळी रुपया डॉलरला ८३ च्या घरात होता, म्हणजे आमची चिठ्ठी सुमारे १५ डॉलरची. फेब्रुवारीत कोणी तिचे भाषांतर '४६५ पौंड' असे केले असते, तर मार्चअखेर तोच आकडा ७०० च्या वर गेला असता. दुकानातील चिठ्ठी मात्र जागची हललेली नव्हती.

आकडा ठेवायचा म्हणजे चिन्हही ठेवायचे असे मात्र नाही. आपले रुपयाचे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले आणि परक्या वाचकास ते परिचित असेलच असे गृहीत धरता येत नाही. सौदी अरेबियाने स्वतःच्या रियालसाठी चिन्ह जाहीर केले तेही २०२५ मध्ये. म्हणून चिन्हाऐवजी चलनाचे नाव अक्षरांत लिहिणे श्रेयस्कर, आणि तेही 'रुबिया हिंदिया', म्हणजे भारतीय रुपया, असे पूर्ण. कारण नुसता रुपया पाकिस्तानातही चालतो, नेपाळातही आणि श्रीलंकेतही. हे नाव आखातात परके नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळा रुपया छापला होता. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये तो सोडला; १९६६ च्या अवमूल्यनानंतर इतरांनीही पाठ फिरवली, तरी ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला. ओमानच्या रियालचे आजही हजार 'बैसा' होतात, आणि हा बैसा म्हणजे आपला पैसाच.

या हजाराच्या विभागणीतच पुढचा धोका दडलेला आहे. कुवेती व बहारिनी दिनारचेही हजार फिल्स होतात, त्यामुळे तेथील चिठ्ठीवर दशांशानंतर तीन आकडे असतात: १.२५० म्हणजे सव्वा दिनार. आमच्या चिठ्ठीवरील १,२५० मधील स्वल्पविराम घाईत ठिपक्यासारखा उतरला आणि चलनाचे नाव गळाले, तर कुवेती गृहस्थ साडेबाराशेचे अत्तर सव्वा नाण्यात घ्यावयास येतील. अरबी अंकांत तर शून्य हाच एक ठिपका आहे, आणि पाचाचा अंक आपल्या शून्यासारखा वाटोळा! छायाचित्र धूसर असेल तर उलट दिशेने भाषांतर करणारा मराठी माणूस पन्नासास शून्य समजला, तर नवल नाही. तेव्हा आकड्याचे मूल्य कायम ठेवून त्याचा वेष बदलणे हे भाषांतरकाराचे कर्तव्यच ठरते. आपल्याकडील १,२५,००० हा आकडा अरबीत तीन-तीन अंकांच्या गटांनी, १२५ आणि ०००, असाच लिहिला पाहिजे. लाखाचा स्वल्पविराम तेथे कोणासही उलगडणार नाही.

मापांचा प्रश्न याहून अवघड. येथे शब्द सारखा आणि वजन वेगळे, असा प्रकार पावलोपावली आढळतो. आपल्या आजोबांच्या पिढीने पौंडाला रत्तल म्हटले, तो शब्द मूळचा अरबी 'रत्ल'. इंग्रजी वेष्टनावरील पौंड या वजनासाठी अरबीत आजही तोच शब्द येतो. पण इजिप्तचा जुना रत्ल पौंडाच्या जवळपास असला, तरी लेबनॉनकडील रत्ल अडीच किलोच्या घरात जात असे. उलट पैशातला पौंड हा रत्ल नव्हे. ब्रिटन व इजिप्तचा पौंड अरबीत 'जुनैह' होतो, तर सीरिया व लेबनॉनचा 'लिरा'. केवळ शब्दकोशावर विसंबणाऱ्याची येथे फसगत ठरलेली.

आता तोळा. काम देणाऱ्यांना तो ग्रॅममध्ये हवा होता आणि कोष्टकाप्रमाणे तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. पण महाराष्ट्रातील सराफाच्या तोंडी तोळा हल्ली सर्रास दहा ग्रॅमचा असतो. दोहोंत सुमारे चौदा टक्क्यांचे अंतर आहे. अत्तराच्या धंद्यात तर तोळ्याची बाटली म्हणून बहुधा १२ मिलिलिटरची बाटली दिली जाते, म्हणजे तेथे तोळा हे वजनही उरलेले नाही. मग ११.६६ हा आकडा लिहिणाऱ्याने नेमके काय केले? दुकानदाराने न दिलेले आश्वासन त्याच्या नावावर दिले, आणि तेही दशांश दोन स्थळांपर्यंत. शिवाय ऊद आणि अत्तर आखातातही तोळ्यानेच विकले जाते. रियाधच्या गिऱ्हाइकास 'तोला' हा शब्द पुरेसा आहे. मोरोक्कोच्या पाहुण्यास मात्र तो नवखा वाटेल.

या दुसऱ्या वाचकाचा आक्षेप खरा आहे. त्याला वस्तू स्वस्त की महाग हे कळले नाही, तर भाषांतर त्याच्या उपयोगाचे काय? म्हणून रूपांतराला सरसकट बंदी असावी असे आमचे म्हणणे नाही. ते मूळ मजकुराखाली, वेगळ्या ओळीत, 'सुमारे' या शब्दासह, गोळाबेरीज आकड्यात आणि दराची तारीख देऊन यावे. मुळातला प्रत्येक आकडा भाषांतरात सापडला पाहिजे, आणि जो आकडा छायाचित्रात नाही तो भाषांतरकाराचा म्हणून ओळखू आला पाहिजे. ही तपासणी दोन मिनिटांत होते. औषधाच्या बाटलीवर मात्र ही मुभाही नको. तेथे ५ मिलिलिटर म्हणजे ५ मिलिलिटरच. त्याचे चमचे करण्याचा अधिकार भाषांतरकारास नाही.

विद्यार्थ्यास एवढे सांगितले आणि दुकानात जाऊन तोळा किती ते विचारून येण्यास सुचवले. तो गेला. दुकानदाराने उत्तर न देता बाटली उलटी करून दाखवली. तळाशी १२ मिलिलिटर असे कोरलेले होते. अरबी चिठ्ठीत आता 'एक तोला, १२५० भारतीय रुपये' असे आहे आणि खाली लहान अक्षरांत 'बाटली १२ मिलिलिटर'. रियालचा आकडा तिच्यात नाही. काम देणाऱ्यांनी ती स्वीकारली की नाही, हे तो अद्याप सांगावयास आलेला नाही.